टॅबवर लिहिलेलं मराठी टाइप मजकुरात बदलताना तेच शब्द पुन्हा पुन्हा चुकतात? आधी चुकांचा नमुना बघा

तक्रार साधारण अशी असते. टॅबवर पेनने मराठीत टिपणं घेतली, निवडली, ‘मजकुरात बदला’ दाबलं आणि समोर आलं ते अर्धं बरोबर, अर्धं भलतंच. मग अक्षर जरा वळणदार काढून पाहिलं. दोन दिवस बरं चाललं आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. पेन बदलून झालं, अॅप बदलून झालं, आणि शेवटी ‘मराठीत हे चालतच नाही’ असं ठरवून माणूस पुन्हा वहीकडे वळला.

चालतं. पण अक्षर सुधारण्याआधी चुका कोणत्या जातीच्या आहेत ते बघावं लागतं. चुकीची भाषा लागलेली असेल तर एका प्रकारचे शब्द बिघडतात, लिहिण्याचा क्रम नडत असेल तर दुसऱ्या प्रकारचे, आणि तळहात किंवा पेन नडत असेल तर तिसऱ्याच प्रकारचे. आउटपुट नीट वाचलं की कारण बहुतेक वेळा तिथेच सापडतं.

आमच्याच सोसायटीचं उदाहरण घेतो. घोडबंदर रोडवर वाघबीळच्या बाजूला आमची तीन विंगांची सोसायटी आहे. मी खजिनदार, आणि सचिव आहेत आमच्या ताई, बँकेतून निवृत्त झालेल्या. कार्यकारिणीच्या सभेत त्या टॅबवर हाताने लिहितात आणि घरी जाऊन तेच टाइप मजकुरात बदलून इतिवृत्ताचा मसुदा ग्रुपवर टाकतात. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे, त्यामुळे दोष अक्षराचा नाही हे पहिल्याच नजरेला कळत होतं. त्यांनी लिहिलं होतं:

> ठराव क्र. ४. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरील पाण्याची गळती. प्लंबरचा अंदाज ₹४,१००. काम होळीच्या आधी पूर्ण करणे. घनकचरा वेगळा करण्याबाबत सूचना लावणे.

आणि टॅबने दिलं होतं:

> ठराव क्र. 8. बी विगच्या तिसर्या मजल्यावरील पान्याची गलती. प्लंबरचा अंदाज ₹8,900. काम होलीच्या आधी पूर्ण करने. धनकचरा वेगला करन्याबाबत सूचना लावने.

ग्रुपवर अर्थातच चेष्टा झाली. “गलती कुणाची, प्लंबरची की सेक्रेटरीची?” असं सी विंगमधल्या काकांनी विचारलं. पण त्या चार ओळींत तीन वेगवेगळी कारणं एकत्र आलेली आहेत. ती एकेक करून सोडवता येतात.

ळ चा ल आणि ण चा न होत असेल तर

गळतीचं गलती, होळीचं होली, वेगळाचं वेगला, पाण्याचीचं पान्याची, करणेचं करने. या सगळ्या चुका एकाच दिशेच्या आहेत. टॅब हे हस्ताक्षर हिंदी म्हणून वाचतो आहे.

लिपी एकच असल्यामुळे ही चूक चटकन लक्षात येत नाही. इंग्रजी भाषा लागलेली असती तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांची खिचडी आली असती आणि कुणीही लगेच भाषा बदलली असती. हिंदीत मात्र बराचसा मजकूर बरोबरच दिसतो, म्हणून माणूस उरलेल्याचा दोष स्वतःच्या अक्षराला देतो.

असं होण्याचं कारण ओळखण्याच्या पद्धतीत आहे. टॅब तुमच्या लिखाणाचा फोटो काढून तो वाचत नाही. पेनचं टोक कोणत्या क्षणी कुठे होतं, ते कधी टेकलं आणि कधी उचललं, याची नोंद तो ठेवतो. गूगलने जीबोर्ड या आपल्या कीबोर्ड अॅपच्या हस्ताक्षर-ओळखीची नवी पद्धत २०१९ मध्ये जाहीर केली. तिच्यात हे बिंदू आधी बेझिए वक्रांत, म्हणजे गणिताने मांडलेल्या गुळगुळीत वळणांत, बसवले जातात, मग न्यूरल नेटवर्क त्या वक्रांवरून कोणती अक्षरं असू शकतील याचे अंदाज बांधतं आणि शेवटी त्या भाषेतले शब्द कसे असतात याच्या माहितीवरून त्या अंदाजांतला एक निवडला जातो. इतर अॅपही मोटामोटी याच वाटेने जातात. म्हणजे तुमचा ळ कितीही सुबक असला तरी शेवटचा कौल भाषेचा असतो. हिंदीच्या शब्दांत ‘गलती’ रोजचा आहे आणि ‘गळती’ नाही. शंका आली की पारडं गलतीकडे झुकतं.

‘तिसऱ्या’चं ‘तिसर्या’ हीसुद्धा याच घरातली खूण. ऱ्य हा जोड हिंदीला लागत नाही, त्यामुळे हिंदीत वाचताना तो रफारात जातो. दुसऱ्या, सुऱ्या, वाऱ्यावर हे शब्द सतत बिघडत असतील तर अक्षराकडे न बघता थेट भाषेकडे जा. ठाण्यात तर कळवा, बाळकूम, ढोकाळी, वाघबीळ लिहिल्याशिवाय कुणाचा पत्ताच पूर्ण होत नाही, त्यामुळे ही चाचणी आपल्याकडे आयतीच होते. कोऱ्या पानावर ‘कळवा, बाळकूम, पाणी, दुसऱ्या’ एवढं लिहा आणि बदलून बघा. चारही शब्द बरोबर आले तर मराठी लागलेली आहे. कलवा आणि पानी आलं तर हिंदी.

भाषा बदलताना अनेकांची गफलत होते, कारण टॅबवर भाषा तीन ठिकाणी असते. एक संपूर्ण टॅबची, म्हणजे मेनू ज्या भाषेत दिसतात ती. दुसरी कीबोर्डची. तिसरी नोट्स अॅपच्या आतली, हस्ताक्षर ओळखण्याची. रूपांतरासाठी बहुधा फक्त ही तिसरी मोजली जाते. ताईंनी टॅब मराठीत ठेवला होता आणि कीबोर्डही मराठी होता, म्हणून ‘भाषा तर मराठीच आहे’ असं त्या ठामपणे सांगत होत्या. त्यांचं बरोबरच होतं, फक्त प्रश्न तिसऱ्या जागेचा होता. त्यांच्या अॅपमध्ये मजकूर निवडून रूपांतर दाबलं की खाली एक छोटी खिडकी येते, तिच्यात आधी नमुना दिसतो आणि कोपऱ्यात भाषेचं नाव असतं. त्या नावावर टिचकी मारली की यादी उघडते. तिथे मराठीसमोर खाली जाणारा बाण दिसत होता, म्हणजे मराठीचं भाषा-पॅक उतरवलेलंच नव्हतं. वायफायवर ते उतरवलं, मराठी निवडली आणि तीच चार वाक्यं पुन्हा बदलली. गळती, होळी, तिसऱ्या, करणे हे सगळं जागेवर आलं. अक्षर तेच, पान तेच. हस्ताक्षर राखून ठेवण्याचा हा एक फायदा आहे, जुनी पानंसुद्धा नव्या भाषेने परत वाचून घेता येतात.

तुमच्या अॅपमध्ये ही खिडकी नसेल तर अॅपच्या सेटिंग्जमध्ये हस्ताक्षर किंवा हस्तलेखन या शब्दाखाली भाषा शोधा.

मग प्रश्न उरतो, हे पुन्हा पुन्हा का होतं? ताईंचा नातू त्याच टॅबवर शाळेचा हिंदीचा अभ्यास करतो आणि तोही हस्ताक्षर बदलून मजकूर घेतो. अॅप शेवटी वापरलेली भाषा लक्षात ठेवतं. शनिवारी नातवाचा निबंध आणि रविवारी सोसायटीची सभा, असा तो घोळ होता. घरात एकाच टॅबवर दोघं लिहीत असतील तर दोन मार्ग आहेत. एक म्हणजे प्रत्येक वेळी बदलण्याआधी त्या कोपऱ्यातलं नाव वाचायची सवय लावणं. दुसरा, अँड्रॉइड टॅबच्या सेटिंग्जमध्ये नातवासाठी वेगळा वापरकर्ता तयार करणं. त्याच्या नोंदी, त्याची अॅप-सेटिंग्ज आणि त्याची भाषा वेगळी राहते. त्याची किंमत अशी की टॅबवरची जागा जास्त लागते आणि एकाच्या वह्या दुसऱ्याला दिसत नाहीत. सोसायटीच्या कागदपत्रांसाठी ते एका अर्थी बरंच आहे.

आयपॅडवाल्यांसाठी एक वेगळी सूचना. पेनने लिहिलेलं मजकुरात बदलणारी तिथली ‘स्क्रिबल’ ही सोय २०२० मध्ये आयपॅडओएस १४ बरोबर आली तेव्हा ती इंग्रजी आणि चिनीपुरती होती, पुढे भाषा वाढत गेल्या. तुमच्या आवृत्तीच्या यादीत मराठी नसेल तर कितीही सेटिंग्ज फिरवली तरी मराठी मजकूर मिळणार नाही. अशा वेळी त्या सोयीशी झगडण्यापेक्षा, ज्याच्या भाषांच्या यादीत मराठी स्पष्ट लिहिलेली आहे असं दुसरं अॅप शोधणं शहाणपणाचं. विकत घेण्याआधी यादी बघा. ‘हस्ताक्षर ओळखतं’ आणि ‘मराठी हस्ताक्षर ओळखतं’ या जाहिरातींत फार अंतर असतं.

भाषा बरोबर आहे, तरी अनुस्वार गळतो, शब्द चिकटतात, घ चा ध होतो

मराठी लावल्यानंतर ताईंच्या पानावर शब्दांमध्ये उरलं ते ‘विगच्या’ आणि ‘धनकचरा’. शिवाय पुढच्या पानावर ‘टाकीसाफकरणे’ असा एक सलग शब्द निघाला. या चुका भाषेच्या नाहीत. त्या कोणती रेघ कधी काढली यातून येतात.

वर म्हटलं तसं, टॅब रेघा काळाच्या क्रमाने बघतो. आपण मराठी लिहिताना मात्र क्रम बराच पुढेमागे करतो. बरेच जण अक्षरं सुटी लिहून शब्दाच्या शेवटी शिरोरेषा ओढतात. त्याचा त्रास नाही, ओळखणाऱ्या यंत्रणेला ती सवय शिकवलेली असते. त्रास होतो तो घाईत लिहिताना. सभेत माणसं भराभर बोलतात, ताई अख्खी ओळ शिरोरेषेशिवाय लिहितात आणि श्वास घ्यायला फुरसत मिळाली की तीन-चार शब्दांवरून एकच लांब रेघ मारतात. कागदावर शब्दांमधली जागा डोळ्याला दिसते, म्हणून वाचणाऱ्याला अडचण येत नाही. टॅबला मात्र ती रेघ जोडणारी रेघ वाटते, आणि टाकी साफ करणे हे तीन शब्द एक होतात.

शिरोरेषा अजिबात दिली नाही तर वेगळं बिघडतं. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यात आपण फरक करतो तो बराचसा वरच्या रेघेवरून. घ वर ती सलग जाते, ध वर सुरुवातीला तुटते. म वर सलग, भ वर तुटक. रेघच नसेल तर उरतो एक छोटासा गोल, आणि तो घाईत निघतो किंवा निघत नाही. मग संदर्भाने अंदाज लावावा लागतो. ‘घर’ सारखा रोजचा शब्द निभावून जातो. घनकचरा हा सोसायट्यांचा आणि महापालिकेचा शब्द, त्यात ‘धन’ पुढे आलं तर नवल नाही.

अनुस्वाराचं असंच. ‘विंग’ लिहिताना ताई आधी पूर्ण ओळ लिहितात आणि ओळ वाचून बघताना राहिलेले अनुस्वार देतात. शाळेत तसंच शिकवलंय, शुद्धलेखन तपासा म्हणून. पण ओळ संपल्यावर उशिरा आलेला तो ठिपका कोणत्या शब्दाचा हे यंत्रणेला ठरवावं लागतं. तो जरा वर पडला तर वरच्या ओळीतल्या एखाद्या शब्दाखालचा ठिपका समजला जातो, जरा बाजूला पडला तर कचरा म्हणून गाळला जातो.

यावर सुंदर अक्षर हा उपाय नाही. तीन बारीक सवयी बदलाव्या लागतात. शिरोरेषा शब्दागणिक द्या, दोन शब्दांवरून एक रेघ नको. अनुस्वार, मात्रा, रफार शब्द सोडण्याआधीच द्या. आणि चुकलेला शब्द दुरुस्त करताना वरून गिरवू नका, खोडरबराने अख्खा शब्द पुसून पुन्हा लिहा, कारण गिरवलेल्या अक्षरात जुन्या आणि नव्या दोन्ही रेघा राहतात आणि यंत्रणा दोन्ही वाचते. डोळ्याला एकच जाड अक्षर दिसतं, हे फसवं आहे.

याच्या जोडीला पानाचा साचा बदला. नोट्स अॅपमधली रेघांची पानं बहुधा इंग्रजी लिहिणाऱ्याच्या अंदाजाने आखलेली असतात. आपल्याला शिरोरेषेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, रुकार, हलन्त यांना जागा लागते. अरुंद ओळीत वरच्या ‘पूर्ण’चा ऊकार खालच्या ‘मीटिंग’च्या वेलांटीत अडकतो. पूर्ण पान एकदम बदलताना अॅप आधी रेघांच्या ओळी पाडतं, मग अक्षरं वाचतं. ओळीच चुकीच्या पडल्या तर पुढे काही खरं नाही. रुंद ओळींचा साचा निवडा, किंवा साध्या कोऱ्या पानावर एक ओळ सोडून एक लिहा. आणि लांब पान एका दमात निवडू नका, ठरावागणिक निवडा. त्यामुळे ओळींचा गोंधळ झाला तरी तो एका ठरावापुरता राहतो.

आता बिघाड क्रमाचा आहे की नाही हे तपासायचं कसं? चुकलेला शब्द त्याच पानाखाली, सावकाश, शिरोरेषा आणि अनुस्वार त्याच शब्दात देऊन पुन्हा लिहा आणि फक्त तेवढाच बदलून बघा. बरोबर आला तर दोष क्रमाचा किंवा ओळींचा होता. तरीही चुकला तर तो शब्दच यंत्रणेच्या ओळखीचा नाही. आडनावं, इमारतींची नावं, कंत्राटदारांची नावं यांत हे होणारच, आणि त्यावर टाइप करण्याखेरीज उपाय नाही.

रकमा

इथे मी थोडा जास्त वेळ थांबतो, कारण ‘गलती’वर लोक हसतात, पण ₹४,१०० चे ₹8,900 झाले तर हिशेब माझ्या गळ्यात येतो.

देवनागरी ४ आणि रोमन 8, देवनागरी १ आणि रोमन 9 हे हाताने लिहिताना जवळजवळ सारखे निघतात. आकड्याला संदर्भ नसतो. ‘गळती’ आणि ‘गलती’ यांतला एक शब्द वाक्यावरून निवडता येतो, पण अंदाज चार हजार शंभर की आठ हजार नऊशे हे वाक्य सांगू शकत नाही. भाषा मराठी असली तरी आपण दोन्ही अंक वापरतो हे यंत्रणेलाही ठाऊक असतं, त्यामुळे ती दोन्हींपैकी काहीही देऊ शकते. ताईंच्या पानावर मराठी लावूनही रक्कम चुकीचीच राहिली होती.

आम्ही असं ठरवलं की रक्कम, तारीख, फ्लॅट नंबर आणि मीटर रीडिंग ही हस्ताक्षरातून बदलून घ्यायची नाहीत. सभेत ती हातानेच लिहायची, पण रक्कम अक्षरांतही लिहायची, चेकवर लिहितो तसं: ‘चार हजार शंभर’. अक्षरी रक्कम चुकली तर वाचताना लगेच कळते, कारण ‘चार’चा काही आपोआप ‘आठ’ होत नाही. मसुदा तयार झाला की आकडे मूळ हस्ताक्षर समोर ठेवून कीबोर्डवर टाइप करायचे. दहा-बारा आकडे असतात, पाच मिनिटांचं काम आहे. आणि एका कागदपत्रात एकाच जातीचे अंक ठेवा. अर्धे देवनागरी, अर्धे रोमन असतील तर शोध घेताना त्रास होतोच, वाचणाऱ्याचाही घोळ होतो.

कुठून तरी आलेले ठिपके आणि तुटलेल्या रेघा

नसलेले अनुस्वार उगवत असतील, म्हणजे ‘मजला’चं ‘मंजला’ होत असेल, तर पान मोठं करून बघा. अक्षराभोवती बारीक ठिपके दिसले तर ते तळहाताचे आहेत. नोट्स अॅपमध्ये ‘फक्त पेनने लिहा’ किंवा ‘बोटाने रेखाटणे बंद’ अशा अर्थाची सोय असते, ती चालू करा. पावसाळ्यात घामट हाताने लिहिताना हा त्रास वाढतो, हात आणि काच पुसून बघा.

पेन कोणतं आहे यावर बरंच अवलंबून आहे. सॅमसंगच्या एस पेनमध्ये टोकाची जागा ओळखायला वॅकॉम कंपनीचं विद्युतचुंबकीय तंत्र असतं, त्यामुळे लिहिण्यासाठी ते चार्ज करावं लागत नाही आणि टॅबला पेन आणि हात यांतला फरक कळतो. स्टेशनबाहेर मिळणारं रबरी टोकाचं पेन टॅबच्या दृष्टीने एक बोटच असतं. त्याने हात टेकून मराठी लिहायचा प्रयत्न म्हणजे ठिपक्यांना आमंत्रण, कोणतंही सेटिंग तिथे कामाचं नाही.

रेघा तुटत असतील तर एक सोपी तपासणी आहे. पट्टी धरून सावकाश एक लांब तिरकी रेघ काढा. ती लाटांसारखी वळवळली किंवा मधे तुटली तर दोष पेनचा किंवा पडद्यावरच्या काचेचा आहे. जाड टेम्पर्ड काच काढून पुन्हा तीच रेघ काढा. फरक पडला तर काच. नाही पडला तर झिजलेलं टोक बदलून बघा, ती टोकं सुटी मिळतात. सरळ आलेल्या रेघेवर पेनला दोष देऊ नका, वरच्या दोन कारणांकडे परत जा.

बदलून झालं, पण शोधल्यावर सापडत नाही

ही तक्रार दोन महिन्यांनी येते. मजकूर डोळ्याला बरोबर दिसतो, पण ‘तिसऱ्या’ शोधलं की निम्म्याच नोंदी मिळतात. संगणकात प्रत्येक अक्षराला एक युनिकोड क्रमांक असतो, आणि मराठीत काही अक्षरं आतून दोन प्रकारे साठवता येतात. ‘ऱ्या’ मधला र हा `U+0931` म्हणून येऊ शकतो, किंवा साधा र `U+0930`, मग हलन्त `U+094D` आणि त्यानंतर न दिसणारा जोडक `U+200D` असाही येऊ शकतो. दिसायला दोन्ही सारखेच, शोधाला दोन वेगळे शब्द. ‘बँक’चंही तेच. कुणी चंद्रबिंदू `U+0901` वापरतं, कुणी ॅ आणि अनुस्वार असे दोन, `U+0945` आणि `U+0902`. हस्ताक्षर-रूपांतर एक प्रकार देतं आणि तुमचा कीबोर्ड कदाचित दुसरा.

सोपी पळवाट अशी की शोधताना तो अवघड तुकडा वगळायचा. ‘तिस’ शोधा, ‘टँकर पाणी’ ऐवजी ‘कर पाणी’ शोधा. कायमचा उपाय हवा असेल तर मसुदा संगणकावर उघडून एक रूप शोधा आणि दुसऱ्याने बदला, दोन्ही रूपं एकेकदा कॉपी करून घेतली की झालं.

म्हणूनच वह्यांची मांडणी मी हस्ताक्षराच्या शोधावर सोडत नाही. एक सभा म्हणजे एक नोंद, आणि नोंदीचं शीर्षक टाइप केलेलं: वर्ष, महिना, दिवस, मग विषय. ‘२०२५-०३-०९ कार्यकारिणी’ असं लिहिलं की नोंदी आपोआप तारखेप्रमाणे लागतात. कार्यकारिणी, सर्वसाधारण सभा आणि दुरुस्तीची कामं असे तीन फोल्डर पुरतात. फोल्डरमध्ये फोल्डर करत बसलात तर ताईंनाच नाही, तुम्हालाही सहा महिन्यांनी रस्ता सापडणार नाही.

रूपांतराच्या खिडकीत सहसा दोन बटणं असतात. एक हस्ताक्षराच्या जागी मजकूर बसवतं, दुसरं मजकूर फक्त कॉपी करतं. इतिवृत्तासाठी कायम कॉपीच करा आणि मूळ पान तसंच ठेवा. पुढच्या सभेत इतिवृत्त कायम करताना कुणी हरकत घेतली तर सभेतच लिहिलेलं पान समोर ठेवता येतं. पूर्ण नोंद बदलायचीच असेल तर आधी तिची प्रत काढा. आणि हस्ताक्षराचं पान पीडीएफ करून पाठवलं म्हणजे त्यात मजकूर आला असं समजू नका. बऱ्याचदा ते नुसतं चित्र असतं. पीडीएफमधला एखादा शब्द बोट दाबून निवडता येतो का ते बघा. निवडला गेला नाही तर त्यात शोध चालणार नाही.

एक आडमार्गही सांगतो. काही पानं इतक्या घाईत लिहिलेली असतात की वरचं सगळं करूनही दर ओळीत तीन चुका उरतात. अशी पानं दुरुस्त करत बसू नका. गूगलचं आवाजी टंकलेखन मराठीत २०१७ पासून आहे. पान समोर ठेवा, कीबोर्डवरचा माइक दाबा आणि सावकाश वाचून दाखवा. विरामचिन्हं हातानेच द्यावी लागतात आणि आडनावं इथेही चुकतात, पण ळ आणि ण सहसा चुकत नाहीत, कारण तुम्ही ते उच्चारता. आणि जीबोर्डवर हाताने थेट मजकूर लिहायचा असेल तर सेटिंग्जमध्ये `Languages`, मग `Add keyboard`, मग मराठी आणि त्यातलं `Handwriting` निवडा. ग्रुपवर दोन ओळी टाकायला किंवा नोंदीचं शीर्षक द्यायला हे पुरेसं आहे. तिथे शब्दागणिक लिहावं लागतं आणि चूक त्याच क्षणी दिसते, म्हणून लांब ओळीचे आणि उशिरा दिलेल्या अनुस्वाराचे त्रास तिथे कमी होतात. पण अख्खं इतिवृत्त त्या छोट्या चौकटीत लिहायला घेतलंत तर हात दुखेल.

ताईंचं पान शेवटी असं आलं:

> ठराव क्र. ४. बी विंगच्या तिसऱ्या मजल्यावरील पाण्याची गळती. प्लंबरचा अंदाज ₹४,१०० (चार हजार शंभर). काम होळीच्या आधी पूर्ण करणे. घनकचरा वेगळा करण्याबाबत सूचना लावणे.

यात ठराव क्रमांक आणि रक्कम टाइप केलेली आहे, बाकी हस्ताक्षरातून आलेलं. सूचक आणि अनुमोदक यांची आडनावं मात्र अजूनही त्या हातानेच टाइप करतात, आणि ते तसंच राहील.